धागा: जर्मन पाहुणे, शेजारच्या काकू आणि उकडीचे मोदक. मधे उभं राहून बोलायचं कसं?

मुक्ता_सदाशिव

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या काकू घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे सहा जर्मन पाहुणे येणार आहेत. बेत आहे उकडीचे मोदक, मसालेभात आणि खमंग काकडी. काकूंना इंग्रजी जेमतेम येतं, पाहुण्यांपैकी दोघांना तेही फारसं येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलंय.

माझं जर्मन बरं आहे. यंत्रांची माहितीपत्रकं, पत्रव्यवहार वगैरे भाषांतरं मी नोकरीतच करते. पण पेटलेल्या गॅसशेजारी उभं राहून कधी बोललेले नाही. काकूंची भाषा तुम्हाला माहीतच आहे: "पाणी लागेल तसं", "छान परतून घ्यायचं", "एक दणदणीत वाफ आणायची". यातलं काय जसंच्या तसं सांगायचं आणि काय उलगडून? शिवाय एका पाहुण्याला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू अजिबात चालत नाही, आणि एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कुणी असं काम केलं असेल तर लिहा.

खादाड_नागपूरकर

एवढं काय त्यात? वाटी वगैरे विसरा, जर्मन माणसाला ग्रॅम द्या. त्यांच्या घरी वजनकाटा असतोच, कपाने मोजायची सवय नसते. उकडीचं प्रमाण एकास एक. म्हणजे १०० ग्रॅम पिठीला १०० ग्रॅम पाणी. कागदावर लिहून द्या आणि मोकळ्या व्हा.

उर्मिला_दुभाषी

नागपूरकर, वजनकाट्याचं बरोबर आहे, पण पुढचं गणित मोदक फोडणारं आहे. मुक्ता, सगळ्यात आधी हेच समजून घे, कारण पाककृतीच्या वर्गातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं.

काकू "एक वाटी पिठी, एक वाटी पाणी" म्हणतात तेव्हा त्या आकारमान सांगत असतात, वजन नाही. १५० मिलिलिटरची वाटी धर. त्यात पाणी मावतं १५० ग्रॅम. तीच वाटी तांदळाच्या पिठीने सैलसर भरली तर पिठी भरते साधारण ९५ ते १०० ग्रॅम. म्हणजे वजनात १०० ग्रॅम पिठीला १५० ग्रॅम पाणी झालं. पाहुण्याने घरी जाऊन १०० ला १०० घेतलं तर एक तृतीयांश पाणी कमी पडेल. उकड कोरडी होईल, पारी करताना कडेला चिरा जातील आणि मोदक वाफेत उकलतील. तो म्हणेल पिठी वाईट होती. पिठी ठीक होती, एकास एकचा अर्थ वाटेत बदलला.

म्हणून मी नेहमी दोन वाक्यं बोलते. पहिलं: "एकाच भांड्याने दोन्ही मोजा, भांडं कुठलंही चालेल." दुसरं: "आज या भांड्यात इतकी पिठी आणि इतकं पाणी गेलं." हे दुसरं वाक्य बोलता यावं म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी काकूंकडे जा आणि त्यांची वाटी काट्यावर ठेवून पिठी, गूळ, खोवलेला नारळ सगळं तोलून घे. आकडा काकूंच्या हाताचा असू दे, पुस्तकातला नको. त्या वाटी ठोकून भरतात की शीग लावून, हेही तिथेच दिसेल.

चमचे त्या मानाने सोपे. जर्मन पाककृतीत एस्लोफेल म्हणजे १५ मिलि आणि टेलोफेल म्हणजे ५ मिलि धरतात. आपला पोह्याचा चमचा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, म्हणून तोही एकदा पाण्याने मोजून ठेव. चिमटीला प्रीझ हा चांगला शब्द आहे. हळद-हिंगाला मेसरश्पित्से म्हटलंस तरी त्यांना अंदाज येतो, सुरीच्या टोकावर मावेल एवढं.

खादाड_नागपूरकर

बरं, आत्ताच काट्यावर ठेवून पाहिलं. माझ्या वाटीत १०४ भरली, मी दाबून भरली असेन. मुद्दा मान्य. पण मग "पाणी लागेल तसं" याचं काय? तिथे तुमचा काटाही चालणार नाही.

लीलाताई_ठाणे

मुक्ता, मोदक फुटत असतील तर घाबरू नकोस. पिठी नव्या आंबेमोहोराची घ्यायची. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालायचं, उकळी फुटली की गॅस बारीक करून पिठी एकदम ओतायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ येऊ द्यायची. गॅस बंद केल्यावरही झाकण लगेच काढायचं नाही. मग परातीत काढून गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची. आमच्या घरी सारणात जायफळ घालतात, वेलची नाही.

मुक्ता_सदाशिव

लीलाताई, मोदक काकू करणार आहेत हो, मला फक्त बोलायचंय :) पण तुमचं हे वर्णन मी जर्मनमधे करून पाहिलं आणि "वाफ"पाशीच अडले. उकडीला वाफ, मोदकाला वाफ, मसालेभातालाही वाफ. तिन्हीकडे मी डेम्फन म्हटलं तर?

उर्मिला_दुभाषी

मग भात मोदकपात्रात जाईल.

आपण "वाफ" म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी क्रिया वेगळी असते. मोदक चाळणीवर ठेवून खालच्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर शिजवतो, त्याला डेम्फन बरोबर. भाजी झाकण ठेवून तिच्याच ओलाव्यात शिजवतो, त्याला ड्युन्स्टन. उकडीला आणि भाताला शेवटी जी वाफ आणतो, ती गॅस अगदी मंद करून किंवा बंद करून, झाकण न उघडता नुसतं थांबणं असतं. तिथे एका शब्दाच्या मागे न लागता सरळ सांग: झाकण ठेवा, आच कमी करा, इतकी मिनिटं उघडू नका.

भाजणं आणि परतणं यांचंही तसंच. रवा, तीळ, खोबरं कोरडं भाजतो तेव्हा र्‍योस्टन म्हण आणि "तेलाशिवाय" हे शब्द जोड, नाहीतर कुणीतरी कढईत तेल ओततंच. कांदा परतताना काकूंना तो नुसता मऊ हवाय की लाल, हे विचारून घे. मऊ हवा असेल तर आनश्वित्सन, लाल हवा असेल तर आनब्राटन. काकू दोन्हीला "परतून घ्या" म्हणतील, पण कढईत काय दिसायला हवं ते त्यांना नेमकं माहीत असतं.

आणि नागपूरकरांच्या "लागेल तसं"चं उत्तरही इथेच आहे. ते मोघम नाही, त्याला खूण असते. ती खूण काकूंकडून आधीच काढून घ्यायची. उकड कधी झाली? गोळी करून अंगठ्याने दाबली की कडेला चीर पडत नाही तेव्हा. सारण कधी उतरवायचं? ओलसरपणा आटून ते कढईच्या मधे गोळा व्हायला लागलं की लगेच. त्यापुढे ठेवलं तर गुळाचा पाक होऊन सारण गार झाल्यावर कडक होतं. मोदक कधी झाले? पाणी आधीच खळखळत असेल तर दहा ते बारा मिनिटं, वरून चकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. मिनिटं जर्मन माणूस वहीत लिहून घेतो, पण घरी गेल्यावर उपयोगी पडते ती खूण.

श्टुटगार्टची_सून

इथे राहून बरीच वर्षं झाली, म्हणून थोडं लिहिते. उकड समजवायला एक आयता दुवा आहे. यांच्याकडे ब्रांडटाइग नावाचा प्रकार असतो: पाणी आणि लोणी उकळायचं, त्यात मैदा एकदम ओतायचा आणि भांड्यातच घोटायचं. इक्लेअर त्याचेच करतात. "ब्रांडटाइगसारखं, पण तांदळाच्या पिठीचं आणि अंड्याशिवाय" असं म्हटलं की ज्यांनी घरी केलंय त्यांच्या डोक्यात लगेच दिवा लागतो.

जिनसांच्या नावांत तीन-चार जागा सांभाळायच्या. जिऱ्याला नुसतं क्युमेल म्हणू नकोस, इथे क्युमेल म्हणजे पावात आणि कोबीत घालतात तो वेगळा मसाला. जिरं म्हणजे क्रॉयत्सक्युमेल. आणि श्वार्त्सक्युमेल म्हणजे कलौंजी, शहाजिरं नव्हे. कोरिआंडर म्हटलं तर धने की कोथिंबीर ते कळत नाही, म्हणून बिया की पानं हे सांगावं लागतं. गुळाला लोक पाल्मत्सुकर म्हणतात, ती ताडामाडाची साखर. उसाचा गूळ इथे मिळाला नाही तर फोलरोरत्सुकर त्यातल्या त्यात जवळचा, पण तो भुरभुरीत असतो, त्यामुळे सारणाला चमचाभर पाणी जास्त लागतं. नारळाचं म्हणशील तर कोकोसरास्पेल म्हणजे पाकिटातला कोरडा कीस. त्याचं सारण भुशासारखं होतं. एशियाई दुकानात गोठवलेला खोवलेला नारळ मिळतो, तो घ्यायला सांग.

उर्मिला_दुभाषी

ब्रांडटाइगचा दुवा छान आहे, मी वापरेन. एक सावधगिरी: ब्रांडटाइग भांड्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत आचेवर घोटतात, पाणी उडवायचं असतं म्हणून. उकडीत उलट आहे, पाणी पिठीत मुरायला हवं. तेव्हा "ओतायची पद्धत तीच, पुढे मात्र घोटू नका, झाका" एवढं जोडायलाच हवं. नाहीतर ज्याला ब्रांडटाइग उत्तम येतो तोच उकड कोरडी करून ठेवेल.

देवबागकर

आमचं मालवणजवळ लहानसं होमस्टे आहे. परदेशी पाहुणे आले की मी काही भाषांतर करत नाही. ताटात सगळे जिन्नस मांडतो, हातात देतो, वास घ्यायला लावतो. सोलं दाखवली, जिभेवर ठेवायला दिली, झालं. आंबट कळायला भाषा कशाला? एका फ्रेंच बाईंनी तिरफळ दाताखाली धरलं आणि पुढची पाच मिनिटं कुणी काही बोललंच नाही. दर किती घ्यावा यावर मात्र कुणी लिहिलं तर बरं, मी बहुधा फारच कमी घेतो.

श्टुटगार्टची_सून

देवबागकर, दगडफुलासाठी तुमचाच उपाय बरा. शब्दकोशातून काढलं तर फ्लेष्टं येतं, आणि तो शब्द इथे त्वचेच्या रोगांच्या नावांतही असतो. भातात काय घातलंय हे ऐकून पाहुणा चमचा खाली ठेवेल. तळहातावर ठेवून दाखवा, "दगडफूल" असंच म्हणा आणि झाडांवर, खडकांवर वाढतं एवढं सांगा.

उर्मिला_दुभाषी

दाखवणं उत्तमच. पण मुक्ताच्या दोन पाहुण्यांसाठी दाखवून भागणार नाही, आणि मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात जबाबदारीचा भाग तोच आहे.

आधी शेंगदाणे. काकू "शेंगदाणे" म्हणणारच नाहीत. त्या म्हणतील "दाण्याचं कूट". घाईत तू "दाणे" म्हणजे बिया किंवा धान्य असं काहीतरी म्हणून बसशील आणि ती बाई निर्धास्तपणे काकडी खाईल. कूट म्हणजे बारीक पूड, काकडीत मिसळल्यावर डोळ्यांना ओळखूही येत नाही. तिथे एर्डनुस हा शब्द स्पष्ट आणि मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे. त्याहून बरं म्हणजे काकूंना आधीच सांग की तिच्यासाठी कूट न घालता वाटी वेगळी काढायची आणि चमचाही वेगळा. फोडणी शेंगदाणा तेलाची आहे का, तेही बघ. मराठी घरात हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. युरोपात पाकिटांवर १४ अ‍ॅलर्जीकारक गोष्टी ठळक छापाव्याच लागतात, त्यात शेंगदाण्यांबरोबर मोहरी, तीळ आणि काजूसारखा सुका मेवाही येतो. म्हणजे आपली फोडणी आणि गोडा मसाला दोन्ही त्या यादीत सापडतात. बाकीच्या चौघांनाही एकदा विचारून घे.

मग गहू. "सगळं तांदळाचंच आहे" असं काकू म्हणतील आणि ते मनापासून खरं असेल. पण बाजारातला हिंग बहुधा शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचून घे. तांदळाची पिठी गिरणीतून दळून आणली असेल तर त्याच जात्यावर आधी कुणाचे तरी गहू दळले गेलेले असतात.

खादाड_नागपूरकर

चिमूटभर हिंगात कितीसा मैदा असणार हो! त्याने काही होत नाही. उगाच घाबरवू नका, नाहीतर पाहुणा उपाशी परत जाईल.

रेवती_आहार

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून मधे बोलते. सीलिअ‍ॅकमधे गव्हातलं ग्लूटेन अगदी थोडं पोटात गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि प्रत्येक वेळी त्रास लगेच जाणवेलच असं नाही. त्यामुळे "काही झालं नाही" हा पुरावा धरता येत नाही. त्या पाहुण्याच्या फोडणीत हिंग घालूच नका, भाताला फरक पडला तरी थोडासा पडेल. पिठी ग्लूटेनमुक्त लिहिलेली बंद पाकिटातली आणा, आणि ज्या परातीत रोज कणीक मळतात ती वापरू नका.

उर्मिला_दुभाषी

रेवतीताईंशी सहमत. माझ्या बाजूने एकच: दुभाष्याने "हे तुम्हाला चालेल" असं कधीही म्हणायचं नाही. काय घातलंय, डबीवर काय लिहिलंय, पिठी कुठून आली हे सांगायचं. चालेल की नाही ते पाहुणा ठरवतो, त्याला आपल्या आजाराची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते.

मुक्ता_सदाशिव

हे सगळं काकूंना वाचून दाखवलं. हिंगाच्या डबीवर खरंच गव्हाचं पीठ निघालं, काकू स्वतःच चकित झाल्या. पिठी त्या बंद पाकिटातली आणणार आहेत, थोडी कुरकुर करून, कारण गिरणीच्या पिठीवर त्यांचा जास्त विश्वास.

आता शेवटची शंका. फोडणी होते काही सेकंदांत. काकू मोहरी टाकता टाकता बोलणार, मी बोलेपर्यंत हिंग, हळद, कढीपत्ता सगळं पडून गेलेलं. आणि "मी आता मोहरी घालते" म्हणायचं की "त्या मोहरी घालतायत"?

उर्मिला_दुभाषी

फोडणी तेल तापायच्या आधी सांगून संपवायची. सगळे जिन्नस ज्या क्रमाने पडणार त्या क्रमाने वाट्यांत मांडून घ्या. एकेका वाटीला बोट लावत पूर्ण फोडणी कोरडीच सांग: तेल तापलं की मोहरी, ती तडतडायची थांबत आली की हिंग, मग हळद, लगेच कढीपत्ता, आणि तो उडतो म्हणून एक पाऊल मागे. मग काकूंना म्हण, "आता करा." त्या करत असताना तू गप्प. पाहुण्यांना तडतड ऐकू यायला हवी, तुझा आवाज नको. मोदकाच्या कळ्या पाडतानाही हेच. तिथे काकूंची बोटं पुरेशी आहेत, तू उजेडाच्या आड आली नाहीस म्हणजे झालं.

"मी" की "त्या": आमच्या धंद्यातला नियम असा की बोलणारी व्यक्ती "मी" म्हणते तर दुभाषीही "मी" म्हणते. मी स्वयंपाकघरातही तोच पाळते.

श्टुटगार्टची_सून

मला हे पटत नाही. सभेत ठीक आहे. स्वयंपाकघरात तू हातात काही न घेता उभी असतेस आणि "मी आता पारी करते" म्हणतेस, लोक तुझ्याकडे बघायला लागतात. बघायला हवं काकूंच्या हाताकडे. मी एका घरगुती वर्गात "काकू आता..." असंच बोलले होते, आणि सगळ्यांच्या नजरा बरोबर तिकडे गेल्या.

उर्मिला_दुभाषी

कृती सांगताना तुमचं म्हणणं चालू शकेल. पण काकू स्वतःची एखादी आठवण सांगायला लागल्या आणि तुम्ही "त्यांच्या सासूबाई असं म्हणायच्या" केलंत की ती गोष्ट दुसऱ्याच कुणाची होऊन जाते. मी माझं सोडणार नाही :)

देवबागकर

दराचं कुणीच बोललं नाही.

उर्मिला_दुभाषी

देवबागकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मुक्ता_सदाशिव

वर्ग काल झाला. थोडक्यात: वाट्या मांडून फोडणी आधी सांगितली, फार सोपं गेलं. ब्रांडटाइग म्हटल्यावर एका आजोबांनी मान डोलावली आणि झाकण ठेवायच्या वेळी घोटायला सुरुवात केलीच, पण "झाका" हे वाक्य तयार होतं. वजनं लिहिलेला कागद सगळ्यांनी फोटो काढून नेला. "मी" आणि "काकू" दोन्ही वापरलं, कधी कुठलं ते मलाच आता आठवत नाही. ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांनी काकडी खाल्लीच नाही, वेगळी वाटी काढलेली असूनही. मी आग्रह केला नाही, काकूंना मात्र जरा लागलं.

एक प्रश्न उरला. पुढच्या महिन्यात काकूंकडे जपानी पाहुणे आहेत, तेव्हा दुभाषी माझी मैत्रीण असेल. तिला पिठीचं विचारायचंय.

उर्मिला_दुभाषी

जपानी माझा प्रांत नाही, पण एवढं सांग तिला: तिकडे तांदळाच्या पिठ्या वेगवेगळ्या असतात. मोदकाला जोशिन्को, ती साध्या तांदळाची. मोचिको किंवा शिरातामाको चिकट तांदळाच्या, त्यांची पारी उभी राहणार नाही. आणि तिकडचा मोजायचा कप २०० मिलिचा असतो, तांदळाचा त्याहून वेगळा १८० मिलिचा. एकच कप दोन्हीला वापरला तर काही बिघडत नाही. पिठी एकाने आणि पाणी दुसऱ्याने मोजलं तर मात्र बिघडेल. पिठी काकू कुठली वापरतात ते पाकीट तिला आधीच दाखवून ठेव.